वकिलाचं एंगेजमेंट लेटर वाचताना पडणारे प्रश्न: वाटपाच्या दाव्याचं एक उदाहरण घेऊन

मी दिवाणी कोर्टात वकिली करते आणि माझ्याकडे सेकंड ओपिनियनला येणारे बरेच जण केसबद्दल कमी आणि आधीच्या वकिलांशी पैशावरून काय बिनसलं त्याबद्दलच जास्त बोलतात, आणि कागद बघितला की लक्षात येतं की भांडणाचं मूळ त्या पहिल्या दिवशी सही केलेल्या पत्रातच आहे. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एका जागी लिहितेय. सगळीकडे एकच उदाहरण वापरते म्हणजे धागा सुटणार नाही. एक ताई आहेत, राहायला ठाण्यात, माहेर सातारा जिल्ह्यात, आईवडील दोघं गेलेत, मागे अडीच एकर शेती आणि गावठाणातलं घर, दोन भाऊ हिस्सा द्यायला तयार नाहीत. ताईंना वाटपाचा दावा लावायचाय आणि वकिलांनी सात पानी इंग्रजी एंगेजमेंट लेटर मेल केलंय. ताई आणि आकडे दोन्ही उदाहरणापुरते आहेत, कोणाच्या फीचा दर म्हणून धरू नका.

वकीलपत्रावर सही केली ना, मग हे वेगळं लेटर कशाला?

दोन्ही कागदांचं काम वेगळं आहे. वकीलपत्र कोर्टात दाखल होतं, त्यात तुम्ही कोर्टाला सांगता की माझ्या वतीने हे वकील उभे राहतील, अर्ज देतील, कागद घेतील. त्यात फी किती, कशाची, कधी, यातलं काहीच नसतं. एंगेजमेंट लेटर हा तुमच्या आणि वकिलांमधला करार, तो कोर्टात जात नाही, फाइलमध्ये राहतो, पण पैशाचा वाद झाला की पहिला तोच बाहेर निघतो.

आणि दोघांची मुदतही सारखी नसते हे फार कमी लोकांना माहीत असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे वकीलपत्र कोर्टाच्या दृष्टीने लवकर संपत नाही, दाव्याच्या निकालावरचं अपील, रिव्ह्यू, नकला काढणं हे सगळं त्याच दाव्याचं कामकाज धरलं जातं. पण त्याच नियमात पुढे असंही म्हटलंय की यामुळे वकील आणि पक्षकार यांच्यातली नेमणूक वाढली असं समजायचं नाही. म्हणजे कोर्टाच्या रेकॉर्डला तुमचे वकील तेच दिसतील, पण ठरलेल्या फीत ते अपील लढवायला बांधलेले असतीलच असं नाही. ते कुठपर्यंत बांधलेले आहेत हे फक्त लेटर सांगतं.

लेटर इंग्रजीत आहे आणि मला ते आईला किंवा मावशीला समजावून सांगायचंय, सुरुवात कुठून करू?

पहिल्या पानापासून नका करू. पहिल्या पानावर फीचा आकडा असतो आणि तो ऐकला की माणूस पुढचं काही ऐकतच नाही. आधी ते वाक्य शोधा जिथे काम कुठे संपतं ते लिहिलंय. मग फी बघा, कारण दीड लाख जास्त की कमी हे काम कुठपर्यंत आहे ते कळल्याशिवाय सांगताच येत नाही. आणि मग मध्येच सोडलं तर काय, ते कलम. हा क्रम धरून समजावलं की सत्तर वर्षांच्या माणसालाही नीट कळतं, मी हे माझ्या ऑफिसात रोज बघते. आणि हो, मराठीत एक पान लिहून द्या असं वकिलांना सांगायला काहीच हरकत नाही, ज्याला कळत नाही अशा भाषेतल्या कागदावर सही करू नये आणि घेऊही नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"दाव्याचा निकाल लागेपर्यंत" असं लिहिलंय, मग सगळंच आलं ना त्यात?

नाही, आणि वाटपाच्या दाव्यात तर इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

वाटपाच्या दाव्यात साधारणपणे हुकूमनामा दोनदा होतो. आधी प्राथमिक हुकूमनामा, त्यात कोर्ट एवढंच ठरवतं की कोणाचा हिस्सा किती, म्हणजे आपल्या ताईंच्या बाबतीत तीन भावंडं, प्रत्येकी एक तृतीयांश. घरी पेढे वाटले जातात. पण त्या दिवशी ताईंच्या हातात जमिनीचा एक गुंठाही आलेला नसतो. कोणता तुकडा कोणाचा हे त्यानंतर ठरतं. घरासाठी कोर्ट कमिशनर नेमतं, तो जागेवर जाऊन वाटप कसं करता येईल याचा रिपोर्ट देतो, त्यावर हरकती येतात, त्यांची सुनावणी होते आणि मग अंतिम हुकूमनामा. सरकारला आकार भरणाऱ्या शेतजमिनीचं तर संहितेच्या कलम ५४ प्रमाणे वाटप कलेक्टरकडे जातं, प्रत्यक्षात तहसीलदार आणि भूमी अभिलेखची मोजणी. आणि एवढं होऊन भावांनी ताबा दिला नाही तर ताब्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज.

आता "निकाल लागेपर्यंत" म्हणजे यातलं काय? वकील म्हणणार प्राथमिक हुकूमनामा झाला, माझं काम झालं, पुढची फी वेगळी. पक्षकार म्हणणार जमीन मिळालीच नाही तर कसला निकाल. सुप्रीम कोर्टाने २०२२ साली एका निकालात खालच्या कोर्टांना सांगितलंय की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर फाइल बंद करून नवीन अर्जाची वाट बघू नका, त्याच दाव्यात स्वतःहून पुढची तारीख द्या आणि अंतिम हुकूमनाम्याकडे जा. त्यामुळे पक्षकाराच्या म्हणण्यातही दम आहे. पण ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतात त्यावर चार वर्षांनी वाद घालण्यापेक्षा आज एक ओळ बदलून घेतलेली बरी. एकतर "अंतिम हुकूमनाम्यापर्यंत, कमिशनर आणि कलेक्टरकडचं कामकाज धरून" असं लिहून घ्या, नाहीतर "प्राथमिक हुकूमनाम्यापर्यंत, त्यानंतरच्या कामाची फी इतकी" असं. दोन्ही चालतं, मोघम मात्र नको.

स्टे आणि अपील त्याच फीत येतं का?

भाऊ जमीन विकायच्या तयारीत असतील तर ताईंना दाव्यासोबतच मनाई अर्ज द्यावा लागणार, म्हणजे लोक ज्याला स्टे म्हणतात तो. हा अर्ज दाव्यातच असतो आणि बहुतेक लेटरमध्ये धरलेला असतो, तरी नाव घेऊन लिहिलाय का बघा. पण त्या अर्जावरच्या हुकुमाविरुद्ध जो पक्ष नाराज होतो तो वर अपिलात जातो, आणि ते दुसऱ्या कोर्टातलं, दुसऱ्या नंबरचं वेगळं प्रकरण. ते जवळपास कोणत्याच लेटरमध्ये धरलेलं नसतं. आणि हे अपील तुम्ही करायचं ठरवलं नाही तरी भाऊ करू शकतात, म्हणजे तुमच्या हातात नसलेला खर्च. जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवसांची मुदत असते, नक्कल मिळायला लागलेला वेळ सोडून, आणि त्या ३० दिवसांत नवीन फीची घासाघीस करत बसणं फार त्रासाचं होतं. म्हणून लेटरमध्येच एक वाक्य टाकून घ्या की अपील झाल्यास हेच वकील घेतील का आणि अंदाजे कितीला.

फी टप्प्याटप्प्याने लिहिली आहे आणि खाली "पर अपिअरन्स" पण आहे, एकूण खर्च कसा काढायचा?

ताईंच्या लेटरमध्ये असं आहे बघा. सही करताना ४०,०००, यात नोटीस आणि दावा तयार करून दाखल करणं. मनाई अर्जाच्या युक्तिवादाला २५,०००. कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवले की १५,०००. पुराव्याला, म्हणजे ताईंची स्वतःची साक्ष लिहून देणारं सरतपासाचं शपथपत्र आणि दोन्हीकडच्या साक्षीदारांचे उलटतपास, ४५,०००. शेवटच्या युक्तिवादाला २५,०००. बेरीज दीड लाख. ताईंनी नवऱ्याला फोनवर दीड लाखच सांगितले.

पण पाचव्या पानावर एक ओळ आहे की प्रत्येक तारखेला हजेरीचे १,५०० वेगळे. आता दिवाणी दावा चार वर्षं चालला आणि वर्षाला दहा तारखा पडल्या असं धरलं तर ४० तारखा, म्हणजे ६०,०००. दीड लाखाचे दोन लाख दहा हजार झाले आणि यात कोर्टाचा खर्च अजून धरलेलाच नाही. शिवाय या ४० पैकी कितीतरी तारखांना न्यायाधीश साहेब रजेवर, समन्स परत आलं नाही, समोरच्याने मुदत मागितली, असं होऊन नुसती पुढची तारीख मिळते.

हजेरीची फी मागणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, वकिलाचा अर्धा दिवस कोर्टात जातोच, तारीख पडली तरी. पण टप्प्याची फी आणि तारखेची फी दोन्ही घेताना टप्प्याच्या फीत हजेरी धरलेली नाही का हे विचारायलाच हवं. तीन मार्ग असतात: फक्त टप्प्याची फी ठेवा, किंवा ज्या तारखेला प्रत्यक्ष कामकाज झालं त्याच तारखेची हजेरी द्या, किंवा हजेरीला वरची मर्यादा घाला, समजा एकूण ३०,००० च्या वर नाही. मला स्वतःला दुसरा मार्ग सगळ्यात न्याय्य वाटतो कारण तो तपासता येतो. कोर्टाचा रोजनामा असतो, त्यात त्या तारखेला काय झालं ते लिहिलेलं असतं, आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तुमच्या केसचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक, टाकला की कोणत्या तारखेला केस कशासाठी होती ते घरबसल्या दिसतं. बिल आलं की त्याच्याशी ताडून बघा.

टप्प्याच्या बाबतीत अजून एक, पैसे टप्पा सुरू होताना द्यायचे की संपल्यावर ते लिहिलंय का बघा. "पुराव्याचा टप्पा" एका साक्षीदारावर संपतो की सगळ्यांवर, हेही.

"खर्च वेगळा" म्हणजे नक्की काय काय? आणि जीएसटी?

कोर्ट फी स्टँप, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, झेरॉक्स, नकला, मोजणीची फी, प्रवास, हे सगळं सहसा वेगळंच असतं आणि ते रास्तही आहे. फक्त एवढं घाला की २,००० च्या वरचा कोणताही खर्च आधी विचारून, आणि सरकारी पैसे भरल्याची पावती मिळेल. वरिष्ठ वकील उभे करायची वेळ आली तर त्यांची फीसुद्धा आधी सांगून. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पक्षकाराच्या पैशाचा हिशोब ठेवणं वकिलावर बंधनकारक आहे, त्यामुळे हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

जीएसटीचं थोडक्यात. धंदा-व्यवसाय नसलेल्या खाजगी व्यक्तीला वकिलाने किंवा वकिलांच्या फर्मने दिलेल्या कायदेशीर सेवेवर जीएसटी माफ आहे. ताई आपल्या माहेरच्या जमिनीसाठी दावा लावतायत, त्यांच्या बिलात १८ टक्के लावलेले दिसले तर कोणत्या आधारावर ते विचारा. बऱ्याचदा कंपन्यांसाठी केलेला मसुदा तसाच पाठवलेला असतो, ते लगेच काढून देतात.

आत्ता पैसे नाहीत, जमीन मिळाली की दहा टक्के देते असं ठरवलं तर?

तसं ठरवताच येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत, मालमत्तेत वाटा घेणं याला बार कौन्सिलच्या नियम २० ने बंदी आहे. सुप्रीम कोर्टासमोर तेलंगणातलं एक प्रकरण आलं होतं, बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य, नवरा अपघातात गेलेल्या बाईंकडून वकिलांनी नुकसानभरपाईच्या टक्केवारीत फी मागितली, चेक लिहून घेतला आणि तो वटला नाही म्हणून केस केली. कोर्टाने ती चेकची केस रद्द केली आणि टक्केवारीची अशी फी बेकायदेशीर आहे असं सांगितलं.

लेटरमध्ये हे "सक्सेस फी", "बोनस" अशा नावाने येतं. कोणी आपुलकीने सुचवत असेल तरी नाही म्हणा. पैशाची खरंच अडचण असेल तर हप्ते पाडून मागा. शिवाय महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असलं तरी, आणि त्याचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं.

"फी नॉन-रिफंडेबल" आणि "मध्येच सोडल्यास उरलेली सर्व फी देय", यावर सही करावी का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले ४०,००० परत मिळणार नाहीत हे मला पटतं, कारण दावा दाखल झाला की ते काम झालेलं असतं. पण न झालेल्या कामाचे पैसेही परत नाहीत, किंवा तुम्ही वकील बदललात तर पुढच्या टप्प्यांचे पैसे पण द्या, हे मान्य करू नका.

हिशोब करून बघू. ताईंनी सही करताना ४०,०००, मनाई अर्जाला २५,०००, मुद्द्यांना १५,००० दिले, झाले ८०,०००. मग पुराव्याचे ४५,००० पण आगाऊ भरले, एकूण १,२५,०००. सरतपासाचं शपथपत्र दाखल व्हायच्या आधीच वकिलांशी जमेनासं झालं आणि ताईंनी बदलायचं ठरवलं. झालेलं काम ८०,००० चं, ते वकिलांचंच. पुराव्याचे ४५,००० परत यायला हवेत, आणि शपथपत्राचा मसुदा तयार करून ताईंना पाठवला असेल तर त्यातले वाजवी पैसे कापून. लेटरमधलं दुसरं कलम तसंच ठेवलं तर उलट होतं: ४५,००० परत नाहीतच, वर शेवटच्या युक्तिवादाचे २५,००० अजून मागितले जातील. म्हणून तिथे हे वाक्य घाला: "नेमणूक संपल्यास त्या तारखेपर्यंत पूर्ण झालेल्या टप्प्यांची फी आणि चालू टप्प्यातल्या झालेल्या कामापुरती फी देय राहील, बाकी आगाऊ रक्कम ३० दिवसांत परत केली जाईल."

वकील बदलायचे तर कारण द्यावं लागतं का? आणि त्यांनी फाइल अडवली तर?

कारण सिद्ध करावं लागत नाही. आपला वकील बदलायचं स्वातंत्र्य पक्षकाराला आहे हे सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय, आणि त्याच निकालात हेही की फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. राहिलेली फी वसूल करायला त्यांना वेगळा कायदेशीर मार्ग आहे. त्यामुळे "फी मिळेपर्यंत कागदपत्रं ताब्यात ठेवायचा हक्क" असं कलम दिसलं तर ते काढायला सांगा.

पण बदलायची पद्धत सांभाळा, कारण इथेच लोक गफलत करतात. नुसता फोन करून "आता तुम्ही नको" म्हटलं की कोर्टात काही बदलत नाही. वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने, लेखी, सही करून दाखल केल्यावरच संपतं. आणि तोपर्यंत जुन्या वकिलांवर बजावलेली नोटीस तुम्हाला कळवली गेली असंच कायदा गृहीत धरतो, आदेश ३ नियम ५. म्हणजे तुमचं त्यांच्याशी बोलणं बंद आणि कोर्ट धरतंय की ताईंना सगळं माहिती आहे. यातूनच दावा गैरहजेरीत निकाली निघतो.

प्रत्यक्षात असं करायचं की आधी लेखी कळवायचं, मेल किंवा स्पीड पोस्टाने, त्यातच मूळ कागद आणि पूर्ण फाइल मागायची, पुढची तारीख काय ते विचारायचं. मग नवीन वकिलांसाठी जुन्यांची नाहरकत घ्यायची, ती बहुतेक वेळा वकीलपत्रावरच सही करून मिळते. नाहरकत दिली नाही तर अडत नाही, नवीन वकील कारण सांगून कोर्टाकडे परवानगीचा अर्ज करतात. मूळ खरेदीखत, जुने सातबारा उतारे देताना पहिल्याच दिवशी यादी करून पोच घेतली असेल तर हे सगळं फार सोपं जातं.

वकीलच म्हणाले मी केस सोडतोय, तर?

घेतलेली केस वकिलाला पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी नोटीस दिल्याशिवाय सोडता येत नाही, आणि सोडली तर न कमावलेली फी परत करावी लागते, हे बार कौन्सिलच्या नियम १२ मध्येच आहे. लेटरमध्ये "केव्हाही, नोटीस न देता" असं असेल तर ते या नियमाच्या विरुद्ध आहे. ३० दिवसांची लेखी नोटीस आणि तोपर्यंतच्या तारखा ते सांभाळतील असं लिहून घ्या. फी थकली म्हणून सोडणार असतील तर आधी लेखी आठवण देतील हेही. दोन्ही बाजूंना सारखी मुदत असलेली बरी.

तडजोडीचं कुठे लिहिलेलं असतं?

छापील वकीलपत्रात बारीक अक्षरात तडजोड करायचा अधिकार बहुतेक दिलेला असतो. घरच्या वादात तडजोड होणं चांगलंच, पण अटी तुम्ही ठरवायच्या. लेटरमध्ये एक ओळ पुरते: माझ्या लेखी संमतीशिवाय तडजोड, दावा मागे घेणं किंवा हक्क सोडणं नाही. आणि तडजोड झाली तर उरलेल्या टप्प्यांची फी द्यायची का, तेही तिथेच विचारून ठेवा.

एवढं करूनही फसवणूक झाली तर ग्राहक मंचात जाता येईल?

नाही. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलांच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार चालणार नाही. गैरवर्तन असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते, तिथे शिस्तभंगाची कारवाई होते. पैसे परत हवे असतील तर मात्र दिवाणी दावा, आणि त्यात पुरावा म्हणून हेच लेटर, बँक ट्रान्सफर आणि पावत्या. म्हणून फी रोख देऊ नका, दिलीच तर पावती घ्या.

वकील लेटर देतच नाहीत, फी तोंडी ठरली आहे. आता काय करू?

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असंच चालतं आणि त्यात वकील वाईट असतात असं अजिबात नाही. लेटर मागायला संकोच वाटत असेल तर जे ठरलं ते तुम्हीच मेसेज करून पाठवा आणि उत्तर येऊ द्या. ताईंनी असं लिहावं:

"नमस्कार सर, काल बोललो त्याप्रमाणे लिहून ठेवते. दावा दाखल करण्यापासून अंतिम हुकूमनाम्यापर्यंत आपली फी १,५०,०००, पाच टप्प्यांत. हजेरीची फी फक्त कामकाज झालेल्या तारखेला १,५००. कोर्ट खर्च वेगळा, २,००० च्या वर असल्यास आधी सांगाल. अपिलाची फी वेगळी ठरेल. मध्ये थांबावं लागलं तर झालेल्या कामापुरतीच फी. काही चुकलं असेल तर कळवा, नाहीतर ठीक आहे एवढं लिहा म्हणजे उद्या पहिला हप्ता ट्रान्सफर करते."